शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

(मुर्री, जि. गोंदिया येथे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे औषधोपचाराविषयी मी आपल्याला काही सांगावे, हे शोभणारे नाही. परंतु रुग्णालयांच्या बातम्या अनेक वर्षे लिहिताना एक गोष्ट सतत जाणवत आली. मुलाच्या बाबतीत काही अघटित घडले की आपण त्या मुलाविषयी लिहितो, आईवडिलांविषयी लिहितो, दोषी कोण हे विचारतो. त्या मुलाजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेचे आणि डॉक्टरचे पुढे काय झाले, हा प्रश्न बातमीत येत नाही. आज मला त्या प्रश्नावरच बोलायचे आहे.

उदाहरण फार लांबचे नको. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत ज्याचा भाग होता, त्या भंडाऱ्याचेच घेऊ. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा दगावली. त्यांतील काही भाजल्यामुळे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. चौकशी झाली, निलंबने झाली, गुन्हाही नोंदला गेला. जबाबदारी ठरवणे आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सायंकाळी विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोणीतरी परिचारिका तशाच कक्षात, तशाच यंत्रांमध्ये, तशाच मुठीएवढ्या बाळांजवळ रात्रपाळीला गेली असणार. ‘तुझ्या मनात काय चालले आहे,’ असे तिला विचारण्याची आपल्या व्यवस्थेत जागा कोठे आहे? आग ही क्वचित घडणारी घटना. पण भाजलेले मूल, सिकलसेलच्या वेदनांनी रात्रभर कण्हणारे मूल, अत्याचारानंतर तपासणीसाठी आणलेली मुलगी, हे तर रोजचे आहे.

दोन वेगळे आजार, दोन वेगळे उपाय

सर्वप्रथम एक घोटाळा दूर करू. ‘काम करून थकले आहेत, चार दिवस सुटी द्या,’ असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः येथे दोन निराळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची जी व्याख्या मान्य केली, तिच्यात तो रोग नसून कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम आहे, असे म्हटले आहे. त्याची लक्षणे तीन. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तो हळूहळू, महिनोन्‌महिने चढत जातो. त्याची कारणे खाटांची संख्या, पाळ्यांची लांबी, कागदपत्रांचा ढीग आणि कामावर आपला ताबा नसणे, ही होत.

दुसरी गोष्ट म्हणजे दुय्यम आघात. आघात झाला मुलावर, पण त्याच्याजवळ राहून, ते पाहून, त्याचे ऐकून त्याची खूण उमटते शुश्रूषा करणाऱ्याच्या मनावर. हा बर्नआउटसारखा सावकाश येतोच असे नाही. एकाच मुलामुळे, एकाच रात्रीतून तो येऊ शकतो. डोळे मिटले की तेच दृश्य दिसणे, विशिष्ट वासाने किंवा आवाजाने दचकणे, त्या खाटेकडे जाणे टाळणे, घरच्या मुलांविषयी अवास्तव भीती वाटणे, ही त्याची चिन्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेत ही बाब स्पष्टपणे मान्य केली. कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार ऐकावा लागणे हाही आघात ठरू शकतो, असे तीत म्हटले असून उदाहरण दिले आहे बालअत्याचाराचे तपशील पुनःपुन्हा ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचे.

हा भेद ओळखायचा कसा? एक साधी कसोटी उपयोगी पडते. आठ दिवसांची खरी सुटी मिळाल्यावर मन बऱ्यापैकी उभारी धरत असेल, तर ताण बहुधा कामाच्या भाराचा आहे. सुटीतही तेच मूल स्वप्नात येत असेल, उलट निवांतपणात अधिकच येत असेल, तर प्रश्न आघाताचा आहे आणि सुटीने तो सुटणार नाही. अर्थात दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि पुष्कळदा असतातच.

मुलांचीच वेदना इतकी का लागते?

प्रौढ रुग्णाला आपण सांगू शकतो की हे इंजेक्शन तुमच्या भल्यासाठी आहे. दोन वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने आपण फक्त दुखवणारे माणूस असतो. सलाइनसाठी शीर सापडत नाही, तीन वेळा टोचावे लागते, आणि ते मूल आपल्याकडे पाहून टाहो फोडते. ज्या हातांनी बरे करायचे त्याच हातांनी दुखवावे लागते, हा बालरोग विभागातील पहिला ताण.

दुसरा ताण असतो तो हतबलतेचा. काय करायला हवे हे माहीत आहे, पण खाट नाही, यंत्र नाही, आणि नागपूरला पाठवायचे तर मूल वाटेत तग धरेल की नाही याची शाश्वती नाही. योग्य काय ते ठाऊक असून करता न येणे याला अभ्यासक नैतिक क्लेश म्हणतात. हा क्लेश व्यक्तीच्या दुबळेपणातून येत नाही, तो परिस्थितीतून येतो. म्हणूनच त्याला ‘मन घट्ट करा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

येथे आपल्यासारख्या सेवाभावी मंडळींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘चंदनासारखे झिजावे’ हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला असतो. तो संस्कार थोर आहे. पण त्याच्यामुळेच आपली माणसे त्रास लपवतात. ‘मला झोप लागत नाही’ असे म्हणणे म्हणजे सेवेत कमी पडणे, असे त्यांना वाटते. याचा भुर्दंड शेवटी मुलालाच पडतो. ज्या परिचारिकेचे मन बधिर झाले आहे, तिला मुलाच्या रडण्यातला फरक ऐकू येत नाही. भुकेचे रडणे कोणते आणि प्रकृती ढासळत असल्याचे कोणते, हे ओळखण्यासाठी लागणारी जागरूकताच ती गमावून बसलेली असते.

एका वॉर्डातील पंधरा दिवस

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. हे कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा वॉर्डात जे घडू शकते ते समजण्यासाठी मी ते कल्पिले आहे.

समजा, बत्तीस वर्षांची एक परिचारिका आहे. तिच्या वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी दाखल झाली. चुलीवरून उतरवलेल्या भाताची उकळती पेज अंगावर सांडून छाती, पोट आणि मांड्या भाजलेल्या. दररोज पट्ट्या बदलायच्या. ही परिचारिका हाताने हलकी, म्हणून रोज तिलाच ड्रेसिंगला बोलावतात. दुसऱ्या दिवसापासून तिची चाहूल लागली तरी मुलगी किंचाळू लागते. आई कोपऱ्यात रडते, वडील ‘हळू करा ना’ म्हणून ओरडतात. परिचारिकेची स्वतःची मुलगीही चार वर्षांचीच. आठव्या दिवशी जंतुसंसर्ग वाढतो आणि दहाव्या रात्री ती मुलगी जाते. परिचारिका मृतदेह नातेवाइकांच्या स्वाधीन करते, कागद पूर्ण करते आणि पुढच्या खाटेवरच्या मुलाचे सलाइन लावते. सकाळी ती घरी जाते.

नंतरच्या पाच दिवसांत काय होते? घरी भात शिजू लागला की ती स्वयंपाकघरातून बाहेर येते. लेकीला चुलीजवळ, गॅसजवळ फिरकू देत नाही, रात्री चार वेळा उठून तिचे अंग चाचपते. वॉर्डात भाजलेला रुग्ण आला की दुसरीला पुढे करते. नातेवाइकांवर खेकसते. एके दिवशी दिलेल्या औषधाची नोंद करायची राहते. त्याबद्दल तिला लेखी समज मिळते. म्हणजे जी आघाताची खूण होती, ती हलगर्जी म्हणून नोंदली गेली.

आता हेच पंधरा दिवस दुसऱ्या रीतीने कसे गेले असते?

पहिली गोष्ट मुलीच्या वेदनेची. ड्रेसिंगपूर्वी अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुरेसे वेदनाशामक देणे. घाईत पुष्कळदा औषध आणि ड्रेसिंग एकाच वेळी होते, म्हणजे औषधाचा गुण यायच्या आतच पट्टी सोललेली असते. मुलाच्या वेदना कमी झाल्या की किंकाळ्या कमी होतात, आणि शुश्रूषा करणाऱ्यांवरचा ताणही त्याच प्रमाणात उतरतो. माझ्या मते दुय्यम आघात टाळण्याचा हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मुलाची काळजी आणि आपली काळजी येथे एकच होते.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. ड्रेसिंगला दोघी हव्यात. एक पट्टी बदलणारी, दुसरी मुलीच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलणारी. डोक्याशी बसणारी शक्यतो रोज तीच असावी, कारण मुलाला ओळखीचा चेहरा लागतो. पट्टी बदलणारी मात्र आलटून पालटून असावी, म्हणजे दुखवणारा हात रोज एकीचाच राहत नाही. हाताने हलकी आहे म्हणून एकीवरच सर्व भार टाकणे हे तिचे कौतुक वाटले तरी प्रत्यक्षात ती तिला शिक्षा होते. अत्याचारग्रस्त मुलांच्या तपासण्या आणि जबाब यांनाही हेच लागू आहे. जी समुपदेशक चांगली, तिच्याकडेच सगळी प्रकरणे जातात आणि वर्षभरात तीच कोलमडते. अवघड प्रकरणे वाटली गेली पाहिजेत, आणि प्रत्येकीच्या आठवड्यात बरी होऊन घरी जाणारी मुलेही असली पाहिजेत.

तिसरी गोष्ट मृत्यूनंतरच्या पहिल्या तासाची. अमेरिकेत व्हर्जिनियातील एका परिचारकाने एक छोटी प्रथा सुरू केली, ती आता अनेक देशांत पाळली जाते. रुग्ण दगावला की उपस्थित सर्वजण अर्धा-एक मिनिट हात थांबवून, काही न बोलता, त्या जीवाला आणि त्याच्यासाठी झटलेल्या सर्वांना मनोमन नमस्कार करतात. आपल्याकडे हे कोणाला शिकवावे लागणार नाही. प्रश्न एवढाच की ते मिनिट देण्याची परवानगी वॉर्डात आहे का? त्यानंतर तिच्या पुढच्या खाटेचे काम तासभर दुसरीने घ्यावे, तिला चहा आणि काही खायला मिळावे, आणि पहाटे एकटीने दुचाकी चालवत घरी जाण्याऐवजी कोणी सोबत द्यावी. दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरने फक्त विचारावे, ‘झोप लागली का गं?’

बळेबळे बोलते करू नये

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण सद्‌भावनेने होणारी ही चूक आहे. दुर्घटना घडली की सर्वांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलेत, काय वाटले’ ते सगळे सांगायला लावण्याची एक पद्धत पाश्चात्त्य देशांत १९८० नंतर फार रूढ झाली. पुढे तिच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की, अशा एका बैठकीने पुढचा मनोविकार टळतो असा पुरावा नाही, आणि काही चाचण्यांत तर त्रास वाढल्याचेही दिसले. म्हणून ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करू नये. सुरक्षितता, विश्रांती, खरी माहिती आणि आपल्या माणसांची सोबत, एवढेच पहिल्या दिवसांत पुरे.

मग बोलायचे कधी? त्याची नियमित जागा हवी. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पाऊण तास ते एक तास. अनुभवी ज्येष्ठ डॉक्टर, समुपदेशक किंवा परिचारिका यांच्यापाशी आपल्या हाताखालील मुलांविषयी आणि त्या मुलांमुळे आपल्याला काय होते आहे त्याविषयी बोलावे. एक अट मात्र मोडता कामा नये. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल लिहिण्याची लेखणी आहे, त्याच्यापाशी ही बैठक असू नये. तसे झाले तर सर्वजण ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतील. जिल्ह्याच्या ठिकाणी असा ज्येष्ठ मिळत नसेल तर समान कामाच्या तिघी-चौघींनी एकत्र बसावे, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाशी दूरध्वनीवरून बोलावे.

आपसांत सांगतानाही एक पथ्य पाळावे. डब्याच्या वेळी एखादी अचानक अंगावर काटा आणणारा तपशील सांगून मोकळी होते, आणि ऐकणारी ते ओझे घेऊन घरी जाते. आधी विचारावे, ‘एक अवघड प्रकरण आहे, आत्ता ऐकायला जमेल का?’ आणि आवश्यक तेवढेच सांगावे. जखमेचे वर्णन न करताही ‘मला फार असहाय वाटले’ हे सांगता येते. कुटुंबीयांशी बोलताना तर हे पथ्य दुप्पट पाळावे. मुलाची ओळख गुप्त राखणे हे कर्तव्य आहेच. शिवाय घरच्यांना तपशील नको असतात, तुमची अवस्था कळायला हवी असते.

स्वतःचे मोजमाप

आपण कोठे आहोत हे पाहण्यासाठी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे नाव प्रोक्वॉल. गेल्या तीस दिवसांचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे. दहा प्रश्न कामातून मिळणाऱ्या समाधानाचे, दहा बर्नआउटचे, दहा दुय्यम आघाताचे. त्यामुळे तीन वेगळे आकडे मिळतात, एक एकत्रित आकडा नाही, आणि हाच तिचा लाभ. समाधान भरपूर असूनही आघाताचा आकडा चढलेला असू शकतो. आपल्या कामावर जिवापाड प्रेम करणाऱ्या परिचारिकेचे चित्र पुष्कळदा असेच असते, आणि ती हसतमुख दिसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दहा प्रश्नांत बेचाळीस किंवा अधिक गुण म्हणजे पातळी वरची, बावीस वा कमी म्हणजे खालची. दर तीन महिन्यांनी स्वतः भरावी, स्वतःपाशी ठेवावी. ते निदान नव्हे, ती केवळ सूचना आहे. आणि वरिष्ठांनी ती भरून मागू नये. मागितल्यास खरी उत्तरे मिळणार नाहीत.

योग, प्राणायाम, ध्यान यांचे काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. त्यांचा उपयोग होतो. श्वास मंदावला की शरीर शांत होते आणि झोप सुधारते. परंतु त्यांच्याकडून अशक्य अपेक्षा करू नये. डॉक्टरांमधील बर्नआउटवरील प्रयोगांचा आढावा इंग्लंडमधील अभ्यासकांनी २०१७ मध्ये घेतला. व्यक्तीला शिकवण्यापेक्षा पाळ्या, कामाचा भार आणि कामाची पद्धत बदलणे अधिक गुणकारी ठरल्याचे त्यांना आढळले. नवजात शिशू कक्षात तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी अशी अपेक्षा आहे. तेथे एकीकडे दहा खाटा सोपवून तिला प्राणायामाचा वर्ग लावणे म्हणजे गळक्या छपराखाली पातेले मांडण्यासारखे आहे. पातेले मांडावे, पण छपर शाकारलेच पाहिजे.

मात्र आपल्या परंपरेतील एका भेदाला आधुनिक संशोधनाने पुष्टी दिली आहे, ती जाता जाता सांगतो. जर्मनीतील तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्याचे दुःख पाहताना मेंदूत काय घडते याचा अभ्यास केला. दुसऱ्याचे दुःख स्वतःच भोगू लागणे वेगळे, आणि त्याचे भले व्हावे या भावनेने त्याच्याजवळ राहणे वेगळे. पहिल्याने माणूस खचतो आणि पाठ फिरवू लागतो. दुसरी भावना, जिला आपण करुणा म्हणतो, ती सरावाने वाढवता येते आणि ती बळ देते. ड्रेसिंगच्या वेळी ‘हिच्या जागी माझी लेक असती तर’ हा विचार येतोच. त्याला थोपवू नये, पण त्यानंतर ‘ही माझी लेक नाही, आत्ता हिच्यासाठी माझ्या हातून काय होईल’ असे मनाशी म्हणावे. हा एक वाक्याचा सराव आहे, पण तो रोज करावा लागतो.

मदत केव्हा घ्यावी

ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत येणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची आपोआप ओसरतात. महिन्याहून अधिक काळ टिकली, झोपेसाठी गोळ्या वा दारू लागू लागली, कामावर जाण्याच्या विचारानेच छाती धडधडू लागली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वाट पाहू नये. त्यातही शेवटची भावना आली तर एक दिवसही नको. मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतून बोलता येते आणि ती रुग्णांइतकीच डॉक्टर-परिचारिकांसाठीही आहे.

कुटुंबीयांना शेवटी एवढेच सांगेन. पाळीवरून आलेली सून, मुलगी किंवा पती गप्प असेल, तर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नका. तासभर घरकामातून मोकळीक द्या, ताट वाढा, जवळ बसा. आणि रुग्णालयाच्या समित्यांवर असलेल्या, रुग्णसेवेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या भेटीत फळांच्या टोपलीबरोबर तीन प्रश्न न्यावेत. ड्रेसिंगपूर्वी मुलांना वेदनाशामक वेळेवर मिळते का? अवघड मुलांची कामे सर्वांत वाटली जातात का? आणि मूल दगावले त्या रात्री त्या परिचारिकेला घरी कोण सोडते? या तीन प्रश्नांची उत्तरे वॉर्डात उभे राहिल्यावर पाच मिनिटांत मिळतात, आणि ती बदलायला फार मोठा निधीही लागत नाही.